जर्मनीतून परत येताना पेन्शनचे पैसे काढायचे की तिथंच ठेवायचे? 60 महिन्यांचा हिशोब नीट समजून घ्या

माझी जर्मनीतली नोकरी 20 फेब्रुवारी 2019 ला सुरू झाली आणि 5 फेब्रुवारी 2024 ला संपली. वडिलांचं ऑपरेशन होतं, म्हणून मुदतीच्या आधीच राजीनामा देऊन कोल्हापूरला परत आलो. मनात हिशोब पक्का होता की आपली पाच वर्षं पूर्ण झालेली नाहीत, पंधरा दिवस कमी आहेत, म्हणजे पेन्शनला भरलेले पैसे दोन वर्षांनी परत मिळणार. त्या पैशातून घरावर वरचा मजला चढवायचा असं बायकोला सांगूनसुद्धा झालं होतं. मग गेल्या वर्षी तिकडच्या पेन्शन खात्याचा उतारा मागवला तर त्यात माझे महिने निघाले 61, आणि पैसे परत मिळायचा रस्ता तिथंच बंद झाला.

झालं काय, तर जर्मन पेन्शनवाले दिवस मोजत नाहीत, कॅलेंडरचे महिने मोजतात. महिन्यात चार दिवस नोकरी असली आणि त्याची वर्गणी भरली गेली तरी तो अख्खा महिना धरतात. माझा पहिला फेब्रुवारी नऊ दिवसांचा आणि शेवटचा पाच दिवसांचा, पण दोन्ही पूर्ण धरले गेले. तेच मी 31 डिसेंबर 2023 ला सोडलं असतं तर 59 महिने झाले असते. हे मला कुणी आधी सांगितलं नाही, आणि आता आपल्या भागातली बरीच पोरं गोकुळ शिरगाव, शिरोली, कागलच्या कंपन्यांतून तिकडं जायला लागलीत, नर्सिंगच्या पोरीसुद्धा चालल्यात, म्हणून सगळं सविस्तर लिहून ठेवतोय. प्रत्येक देशाचे नियम वेगळे असतात, मी फक्त जर्मनीचं लिहितोय कारण तेच मला नीट माहीत आहे.

आधी पगाराची स्लिप बघा

तुमची वर्गणी नक्की कुठं भरली जाते हे सगळ्यात आधी बघायचं, आणि त्यासाठी पगाराची स्लिप पुरते. कपातीमध्ये KV, RV, AV, PV अशी अक्षरं असतात. KV म्हणजे आजारपणाचा विमा, AV म्हणजे बेकारीचा, PV म्हणजे म्हातारपणीच्या देखभालीचा, आणि RV म्हणजे पेन्शन. देश सोडल्यावर परत मागता येण्यासारखं यात फक्त RV आहे, बाकी तिघांचे पैसे विमा म्हणून भरले आणि विमा म्हणून संपले. पेन्शनचा दर एकूण 18.6 टक्के आहे, त्यातले 9.3 तुमच्या पगारातून जातात आणि 9.3 कंपनी भरते.

स्लिपवर RV ची कपातच दिसत नसेल तर बहुतेक तुम्हाला इथल्या कंपनीनं पाठवलंय आणि तुमचा पीएफ इथंच चालू आहे. भारत आणि जर्मनीमध्ये सामाजिक सुरक्षेचा करार आहे, तो 1 मे 2017 पासून लागू झाला. भारतातल्या कंपनीनं ठरावीक मुदतीसाठी पाठवलेल्या माणसाला 48 महिन्यांपर्यंत तिकडची वर्गणी माफ असते, फक्त त्यासाठी कंपनीनं पीएफ ऑफिसकडून कव्हरेज सर्टिफिकेट काढून दिलेलं पाहिजे. हे सर्टिफिकेट कंपनी ऑनलाइन काढते, पण त्याची एक प्रत तुमच्याकडं पाहिजेच, कारण चौकशी झाली तर कागद तुम्हाला दाखवावा लागतो. असं असेल तर जर्मनीतून परत मागण्यासारखं काही नाही, तुमचे सगळे पैसे इथल्या पीएफमध्येच आहेत आणि पुढचं वाचायची तुम्हाला गरज नाही. पुढचं सगळं ज्यांनी तिकडच्या कंपनीशी थेट करार केला आणि ज्यांचा RV कापला जातो त्यांच्यासाठी.

महिने मोजा, पण मनातल्या मनात नको

वर्गणीचे महिने 60 पेक्षा कमी असतील तर भारतात परत आलेल्या भारतीय माणसाला आपल्या वाट्याचे पैसे परत मागता येतात. 60 किंवा जास्त असतील तर मागता येत नाहीत, त्याऐवजी पेन्शनचा हक्क मिळतो आणि ती पेन्शन भारतात बसून घेता येते. त्यामुळं एका महिन्यानंसुद्धा सगळं इकडचं तिकडं होतं.

मोजताना माझ्यासारखं अर्धवट महिन्यांकडं दुर्लक्ष करू नका. दुसरी गोष्ट, जे मास्टर्स करायला गेले आणि शिकताना वर्कस्टुडंट म्हणून कंपनीत काम केलं त्यांचे ते महिनेसुद्धा यात येतात, कारण वर्कस्टुडंटला आजारपणाच्या आणि बेकारीच्या विम्यातून सूट असते पण पेन्शनची वर्गणी कापली जाते. मिनीजॉब केला असेल आणि पेन्शनमधून सूट घेतल्याचा कागद दिला नसेल तर तेही महिने धरले जातात. कॉलेजातली दीड वर्षं आणि नोकरीची चार वर्षं मिळून साडेपाच होतात आणि माणूस मात्र आपली चारच आहेत असं धरून चालतो.

म्हणून खात्याचा उतारा मागवायचाच. त्याला तिकडं फेरझिशेरुंग्सफेरलाउफ म्हणतात, तो deutsche-rentenversicherung.de वरून ऑनलाइन किंवा पत्र पाठवून मागवता येतो आणि त्याला पैसे लागत नाहीत. त्यासाठी तुमचा पेन्शन विमा नंबर लागतो. हा नंबर 12 अक्षरांचा असतो: आधी दोन आकडे, मग जन्मतारखेचे सहा आकडे, मग जन्माच्या आडनावाचं पहिलं इंग्रजी अक्षर, आणि शेवटी तीन आकडे. हे अक्षर जरूर तपासा. आपल्याकडं पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असतो, कुणाचं वडलांचं नाव आडनावाच्या जागी जातं, लग्नानंतर मुलींचं आडनाव बदलतं, आणि कंपनीच्या एचआरनं एकदा चुकीचं नाव टाकलं की एकाच माणसाचे दोन नंबर निघतात आणि महिने दोन खात्यांत विभागले जातात. उताऱ्यात मधलेच काही महिने गायब दिसले तर हे कारण असू शकतं.

कंपनी दरवर्षी सोशल इन्शुरन्सच्या नोंदीचा एक कागद देते, त्यात त्या वर्षीचा कालावधी आणि वर्गणी लागू झालेला पगार लिहिलेला असतो. तो स्लिपपेक्षा जास्त कामाचा. माझे सगळे कागद आईनं लोखंडी ट्रंकेत लग्नाच्या साड्यांखाली जपून ठेवले होते म्हणून उतारा ओळीनं ओळ ताडून बघता आला. तुम्ही परत यायच्या आधीच स्कॅन करून ठेवा, कारण कंपनीचा मेल बंद झाला की त्या पोर्टलवरची स्लिपपण बंद होते.

60 च्या आत असाल तर पैसे कसे मागायचे

यासाठी 24 महिने थांबायला लागतं. नोकरीचा म्हणजे वर्गणीचा शेवटचा महिना संपला की पुढच्या महिन्यापासून 24 कॅलेंडर महिने मोजायचे आणि ते संपल्यावरच अर्ज करायचा. या काळात परत जर्मनीत किंवा युरोपियन युनियनच्या दुसऱ्या देशात नोकरीला लागलात तर हिशोब बिघडतो, म्हणजे म्युनिकची नोकरी सोडून ॲमस्टरडॅमला गेलेल्या माणसाला हा रस्ता मिळत नाही. आधी अर्ज केला तर तो नुसता परत येतो, फायदा काही नाही.

अर्जाचा फॉर्म V0901 आहे, वेबसाइटवर मिळतो. त्याला पासपोर्टची प्रत, पेन्शन नंबर, जर्मनी सोडल्याचा पुरावा आणि बँकेचा तपशील लागतो. जर्मनी सोडल्याचा पुरावा म्हणजे नगरपालिकेच्या ऑफिसातून पत्ता रद्द केल्याचा कागद, तिकडं त्याला आबमेल्डुंग म्हणतात. विमानात बसायच्या आधीच्या आठवड्यात घाईघाईत हा कागद राहून जातो, आणि मग कोल्हापुरातून तो मिळवायचा म्हणजे मेलामेलीत महिने जातात. बँकेचं खातं भारतातलं चालतं, पण नाव पासपोर्टशी तंतोतंत जुळलं पाहिजे. पासबुकावर नुसतं नाव आणि आडनाव, पासपोर्टवर मध्ये वडलांचं नाव, एवढ्यावरूनसुद्धा पत्र येतं, म्हणून बँकेत जाऊन नाव आधीच जुळवून घ्या.

मिळतात किती, तर फक्त तुमच्या वाट्याचे 9.3 टक्के. कंपनीनं भरलेले 9.3 मिळत नाहीत आणि व्याजही मिळत नाही. या पैशावर जर्मनीत कर लागत नाही, भारतातल्या रिटर्नमध्ये ते कसं दाखवायचं हे तुमच्या सीएला विचारा. आणि एकदा पैसे घेतले की त्या खात्यातले सगळे हक्क संपले, महिने पुसले गेले, पुढं परत जर्मनीत गेलात तर शून्यापासून सुरुवात. थोडे काढले थोडे ठेवले असं करता येत नाही.

माझ्या मावसभावाचा हिशोब

मावसभाऊ शिरोलीच्या एका फौंड्रीत जुलै 2014 ला लागला, जून 2020 पर्यंत तिथं होता, म्हणजे 72 महिने पीएफ आणि त्यातली पेन्शन स्कीम ईपीएस चालू होती. मग सप्टेंबर 2020 ते ऑगस्ट 2024 जर्मनीत, बरोबर 48 महिने. तिथला सरासरी पगार धरू महिना 3,600 युरो. त्याच्या वाट्याची वर्गणी महिन्याला 334.80 युरो, 48 महिन्यांचे झाले साधारण 16,070 युरो. काढले तर एवढे मिळणार, हिशोबाला सोपं म्हणून युरो 100 रुपये धरला तर 16 लाख.

न काढता ठेवले तर? इथं करारातली महिने जोडायची सोय कामाला येते, टोटलायझेशन म्हणतात ते हेच. जर्मन पेन्शनचा हक्क मिळायला 60 महिने लागतात, त्याच्याकडं 48 आहेत, पण ईपीएसचे 72 महिने धरून एकूण 120 होतात आणि अट पूर्ण होते. नीट लक्षात घ्या, भारतातल्या महिन्यांनी फक्त दार उघडतं, पेन्शनची रक्कम निव्वळ जर्मनीतल्या वर्गणीवर ठरते. तिथली पद्धत गुणांची आहे. ज्या वर्षी तुमचा पगार त्या देशाच्या सरासरीएवढा, त्या वर्षी एक गुण, निम्मा असेल तर अर्धा गुण. भावाचा पगार त्या काळातल्या सरासरीच्या आसपास होता म्हणून त्याचे साधारण चार गुण. 1 जुलै 2025 पासून एका गुणाला महिना 40.79 युरो मिळतात, म्हणजे आजच्या भावानं त्याची पेन्शन झाली महिना 163 युरो, आणि ती सुरू होणार वयाच्या 67 व्या वर्षी, कारण 1964 नंतर जन्मलेल्यांना तेच वय आहे.

आता 16,070 ला 163 नं भागलं तर 98 महिने आणि वर थोडे, म्हणजे सव्वाआठ वर्षं. 67 पासून 75 पर्यंत जगला तर भरलेलं परत मिळालं, पुढचं सगळं वरकड. पण हा हिशोब अर्धाच आहे, कारण 16 लाख आज हातात आले तर तेही तीस वर्षं वाढणार. भावाचं वय 37 आहे. आम्ही दोघं रंकाळ्यावर बसून मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर हे करत बसलो होतो. 7 टक्के व्याज धरलं तर तीस वर्षांत 16 लाखाचे साधारण 1 कोटी 22 लाख होतात, आणि त्यावर 7 टक्क्यांनी महिना 71 हजार व्याज येतं. दुसरीकडं गुणाचा भाव दरवर्षी 2 टक्के वाढतो असं धरलं आणि रुपया युरोपुढं दरवर्षी 3 टक्के उतरतो असं धरलं, तर 163 युरोचे तीस वर्षांनी रुपयात जवळपास तेवढेच, 71 हजार होतात. दोन्ही आकडे इतके जवळ आले की आम्ही परत एकदा करून बघितलं. अर्थात हे दर आम्ही धरलेले आहेत, एक टक्का इकडं तिकडं केला की पारडं झुकतं.

मग ठरवायचं कशावर? पैसे काढले तर मुद्दल तुमचं राहतं, मुलांना जातं, मध्ये अडचण आली तर मोडता येतं. ठेवले तर दर महिन्याला येणारी रक्कम मरेपर्यंत येते, तुमच्यामागं नवरा किंवा बायकोला पेन्शनचा काही भाग मिळू शकतो, आणि पेन्शन युरोत असल्यामुळं रुपयाची चिंता कमी. माझं मत विचाराल तर ज्याच्यावर घराचं कर्ज आहे आणि व्याज नऊ टक्क्यांच्या वर चाललंय त्यानं काढून कर्ज फेडावं. ज्याला परत युरोपात जायचं डोक्यात आहे त्यानं हात लावू नये. आणि ज्याला माहीत आहे की हातात आलेले 16 लाख वर्षभरात गाडीत आणि पाहुण्याच्या लग्नात जाणार आहेत, त्यानंसुद्धा ते तिकडंच राहू द्यावेत.

इथल्या पीएफकडं लक्ष द्या, चूक इथंच होते

जाताना बहुतेक जण पीएफ आणि त्याबरोबर ईपीएसची रक्कम काढून घेतात. ईपीएसमधून दहा वर्षांच्या आत फॉर्म 10C भरून पैसे काढले की ते महिने संपले, आणि मग जर्मनीकडं जोडायला भारतातले महिनेच उरत नाहीत. त्याऐवजी त्याच 10C फॉर्ममधून स्कीम सर्टिफिकेट मागता येतं, त्यात तुमची सेवा जपून राहते. भावानं 2020 ला हेच केलं होतं, खरं तर त्याच्या फौंड्रीतल्या एका वयस्कर क्लार्क काकांनी त्याला बळजबरीनं करायला लावलं होतं.

त्याचा दुसरा फायदा असा की जोडणी उलट्या बाजूनंही होते. ईपीएसची पेन्शन मिळायला दहा वर्षं लागतात, त्याची सहाच झालीत, पण जर्मनीतली चार धरून दहा होतात. रक्कम अर्थात सहाच वर्षांची: 15,000 गुणिले 6, भागिले 70, म्हणजे महिना 1,286 रुपये, वयाच्या 58 पासून. फार मोठी रक्कम नाही, पण जर्मनीतले पैसे काढले तर त्या चार वर्षांचा आधारही जातो, हे गणितात धरायला पाहिजे. भाऊ आता परत कागलला नोकरीला लागलाय, ईपीएस चालू आहे, त्यामुळं त्याची दहा वर्षं इथंच पूर्ण होतील आणि त्याला ही भीती नाही. तुमची नसतील होणार तर विचार करा.

अजून एक, 1 सप्टेंबर 2014 नंतर पहिल्यांदाच पीएफमध्ये आलेल्या आणि तेव्हा 15,000 च्या वर पगार असलेल्या माणसाला ईपीएस लागूच होत नाही, त्याची सगळी रक्कम पीएफमध्ये जाते. त्यांनी जोडण्यासारखे ईपीएसचे महिने आपल्याकडं आहेत असं धरू नये. पीएफच्या पासबुकात पेन्शनचा रकाना असतो, त्यात दर महिन्याला रक्कम पडलीय का बघा, शून्य असेल तर तुम्ही त्यात नाही.

60 च्या वर गेला असाल तर

माझ्यासारख्यांनी काय करायचं? खातं नीट करून ठेवायचं, बस. उताऱ्यातल्या चुका आत्ताच दुरुस्त करून घ्यायच्या, कारण तीस वर्षांनी ती कंपनी असेल का नसेल कुणाला ठाऊक. पत्ता बदलला की कळवायचं. अर्ज वेळ आल्यावर थेट जर्मनीला करता येतो किंवा करारामुळं इथल्या पीएफ ऑफिसमार्फतही देता येतो. बायकोला मी पेन्शन नंबर, उतारा आणि करारातले हक्क एका कागदावर लिहून दिलेत, कारण मी नसलो तर तिला कुठं अर्ज करायचा हे कळलं पाहिजे.

अमेरिकेला गेलेल्या मित्रांना एवढंच सांगतो की भारताचा त्यांच्याशी असा करार नाही, त्यामुळं इथले महिने तिकडं जोडले जात नाहीत, तिथं स्वतःच्या हिमतीवर साधारण दहा वर्षांची वर्गणी व्हावी लागते.

भावानं शेवटी काढायचं ठरवलंय, त्याच्यावर घराचं कर्ज आहे. त्याची शेवटची वर्गणी ऑगस्ट 2024 ची, त्यामुळं 24 महिने ऑगस्ट 2026 ला संपतात आणि अर्ज सप्टेंबर 2026 मध्ये जाणार. फॉर्म भरून ठेवलाय, आबमेल्डुंग फाइलला लावलंय, बँकेतलं नाव दुरुस्त झालंय, फक्त सहीखालची तारीख टाकायची राहिलीय.